नांदेड-४४ आणि बोलगार्डचा बाजार

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने तयार केलेला ‘एनएचएच-४४’ हा संकरित वाण १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती आला. बिकानेरी नरमा ही मादी आणि ‘एसी-७३८’ हा नर, यांचा तो संकर. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, रसशोषक किडींना सहज बळी न पडणारा, पावसाचा ताण पडून पातेगळ झाली तरी पुन्हा फुटवा धरणारा. मराठवाडा, विदर्भ आणि शेजारच्या तेलंगणात तो इतका पसरला की शेतकरी नुसतं ‘नांदेड-४४’ म्हणायचे. त्याच्या जनक वाणांवर कुणा एका कंपनीचा हक्क नव्हता. महाबीजसारखं सरकारी महामंडळ आणि खासगी बियाणे कंपन्या, दोघांनाही त्याचं बियाणं काढता येत होतं.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली आणि या बाजाराची रचनाच बदलली. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेली कंपनी. अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर तिने निम्म्या भागीदारीत ‘महिको मोन्सँटो बायोटेक’ काढली होती. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं जनुक या भागीदारीच्या ताब्यात होतं आणि त्या जनुकाचं बाजारातलं नाव ‘बोलगार्ड’. त्याआधी साध्या संकरित सरकीची बॅग चारशे-साडेचारशेला मिळायची. बोलगार्डची ४५० ग्रॅमची बॅग १६०० रुपयांना आली. तरीही फवारण्यांचा खर्च वाचत असल्याने ती विकली गेली. काही वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर याच भागीदारीचं जनुक पोहोचलं आणि नांदेड-४४ मागे पडला.

एकाच बलाढ्य धन्याच्या ताब्यातल्या बाजारात नव्या मालाने कसं शिरावं, हे व्यवस्थापनाच्या वर्गात साबण, टूथपेस्ट किंवा शीतपेयांच्या उदाहरणांनी शिकवतात. मला कापसाच्या बियाण्याचं उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण ते निर्दय आहे. साबण आवडला नाही तर पुढच्या आठवड्यात बदलता येतो. सरकी जूनमध्ये टोबली की चूक झाल्याचं ऑक्टोबरात कळतं आणि सुधारायची संधी पुढच्या मृगाला मिळते. त्यामुळे कोणता आव्हानवीर टिकला, कोणता पडला आणि का पडला, हे इथे फार स्पष्ट दिसतं.

आधी बोलगार्डच्या मालकाने बाजार कसा बांधला ते पाहायला हवं. बॅगेत दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जात होत्या. एक जनुक, दुसरं ते जनुक ज्या झाडात बसवलंय तो वाण. जनुक अळी मारतं. पण झाड किती दिवसांत येईल, बोंड केवढं भरेल, हलक्या रानात टिकेल की नाही, तुडतुडे आल्यावर पानं लाल पडतील का, हे सगळं वाणावर ठरतं. भागीदारीने जनुक स्वतःच्या वाणांपुरतं ठेवलं नाही. इतर बियाणे कंपन्यांकडून सुरुवातीला ५० लाख रुपये आणि नंतर प्रत्येक बॅगेमागे ठरावीक रक्कम घेऊन ते त्यांनाही वापरायला दिलं. असे परवानाधारक पुढे चाळीसहून अधिक झाले. जे उद्या एकत्र येऊन स्पर्धक जनुक उभं करू शकले असते, ते सगळे याच जनुकावर धंदा करू लागले. करारातल्या अटीही अशा होत्या की परवानाधारकाने दुसऱ्याच्या तंत्राकडे वळणं सोपं नव्हतं. २०१६ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला, तेव्हा या अटींवर बोट ठेवलं होतं.

म्हणजे आव्हान देणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, जनुकाच्या मालकाला जनुकावरच भिडायचं. दोन, जनुक त्याचंच घ्यायचं आणि वाणावर लढायचं. दोन्ही वाटांनी लोक गेले.

पहिल्या वाटेने गेलेल्यांत औरंगाबादची नाथ सीड्स होती. तिने चिनी कृषी विज्ञान अकादमीकडून आलेलं, दोन बीटी जनुकांचे भाग जोडून केलेलं जनुक आपल्या वाणांत बसवलं. जेके अ‍ॅग्री जेनेटिक्सने खरगपूरच्या आयआयटीतलं जनुक वापरलं. दोघांनाही २००६ साली मान्यता मिळाली. मराठवाड्याच्या राजधानीतली कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या बियाणे कंपनीच्या तंत्राला पर्याय घेऊन उभी राहते, ही मोठीच गोष्ट होती. जनुक काम करत होतं. ते नियामकांच्या चाचण्यांतून पार पडलं होतं, शिवाय बोलगार्डच्या मालकाला बॅगेमागे रक्कम द्यायची नसल्याने स्वस्त विकायला वाव होता. तरी बाजार हलला नाही. त्याची दोन मोठी कारणं त्याच वर्षी घडली.

पहिलं कारण किमतीचं. बोलगार्डच्या बॅगेत जनुकाच्या नावाने घेतली जाणारी रक्कम फार आहे, अशी तक्रार आंध्र प्रदेश सरकारने २००६ च्या सुरुवातीला मक्तेदारी आयोगाकडे नेली. आयोगाने ती उचलून धरली. आंध्रने बॅगेची किंमत ७५० रुपयांवर आणली आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांनी तोच आकडा धरला. शेतकऱ्यासाठी हा निर्णय चांगलाच होता. पण आव्हानवीराच्या हातातलं शस्त्र त्यानेच गेलं.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण त्या काळाला धरून आहेत. हदगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पाच एकर कोरडवाहू कपाशी आहे. एकरी एक बॅग. बोलगार्डची बॅग १६०० ला आहे आणि नवी कंपनी ९०० ला देतेय. सगळ्या पाच एकरांत नवीन वाण लावला तर ३५०० रुपये वाचतात. पण तो एकरी फक्त अर्धा क्विंटल कमी पिकला तर अडीच क्विंटल कापूस गेला, म्हणजे क्विंटलला २००० च्या भावाने ५००० रुपये. शहाणा शेतकरी पाचही एकर बदलत नाही. मात्र एका एकरात लावून पाहायला त्याची ना नसते. तिथे बचत ७०० आणि फसला तर तोटा हजाराचा. एवढा धोका घेणारा प्रत्येक गावात कुणीतरी सापडतो. नव्या मालाला पहिल्या वर्षी तेवढाच माणूस हवा असतो, कारण पुढच्या वर्षी गाव त्याच्याच रानात पाहायला येणार असतं.

आता बॅग ७५० झाली. नव्या कंपनीने कितीही ओढलं तरी ती ६५० च्या खाली फारशी जाऊ शकत नाही, कारण संकरित सरकी काढायला मजुरी लागते. प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी हातानेच परागीकरण करायचं. ते काम स्वस्त होत नाही. मग एका एकरात बचत शंभर रुपये आणि फसला तर तोटा तोच हजाराचा. सातशेसाठी हजाराचा धोका पत्करणारा माणूस मिळतो, शंभरासाठी मिळत नाही. जनुक तेवढंच चांगलं असूनही करून पाहण्याचं कारणच संपलं.

दुकानदाराचं गणितही याच दिशेचं होतं. कृषी सेवा केंद्राला बॅगेमागे जे सुटतं ते बहुधा किमतीच्या प्रमाणात. कमी छापील किमतीची बॅग विकताना त्याला कमी मिळतं आणि तक्रारीची जोखीम मात्र जास्त असते. उगवण झाली नाही की शेतकरी आधी त्याच्या दुकानात येतो, मग पंचायत समितीत अर्ज जातो, तक्रार निवारण समिती पंचनाम्याला रानात येते. या सगळ्यात कंपनीचा प्रतिनिधी फोन उचलेल का, हा प्रश्न दुकानदाराच्या मनात असतोच. नवी कंपनी म्हणजे तो प्रश्न दुप्पट. मग ती दुकानदाराला जास्त कमिशन देते. त्याने दुकानदार बॅग ठेवून घेतो, पण विकेलच असं नाही. दसऱ्यानंतर न खपलेल्या बॅगा परत येतात आणि परत आलेल्या सरकीची उगवणशक्ती पुन्हा तपासावी लागते. बियाण्याच्या धंद्यात पहिल्या वर्षी ‘माल गेला’ म्हणून आनंदी झालेल्या कंपन्या डिसेंबरात रडताना दिसतात, त्याचं कारण हे. नवा मोंढ्यातल्या गोदामात गेलेली बॅग म्हणजे विक्री नव्हे.

दुसरं कारण जास्त खोलवरचं होतं. २००६ मध्येच बोलगार्ड-२ ला मान्यता मिळाली. त्यात एकाऐवजी दोन जनुकं होती. नाथ आणि जेके ज्या वर्षी एका जनुकाच्या बाजारात बरोबरीने उभे राहिले, त्याच वर्षी धन्याने बाजाराची पायरी वर नेली. २०१० च्या सुमारास बोलगार्ड-२ चं क्षेत्र पहिल्या बोलगार्डच्या पुढे गेलं आणि एका जनुकाची बॅग, कुणाचीही असो, जुनी वाटू लागली. आव्हान देणारा आजच्या मालाशी बरोबरी करायला निघतो, पण मान्यता, चाचण्या आणि बीजोत्पादन यांत तीन-चार वर्षं जातात. तो पोहोचतो तेव्हा धनी दुसरीकडे असतो. म्हणून नव्या मालाची आखणी करताना बाजारात आज काय आहे एवढं पाहून भागत नाही. धन्याच्या चाचणीच्या रानात काय उभं आहे ते पाहावं लागतं, आणि या धंद्यात ती माहिती मान्यता समितीच्या कागदांत उघड असते.

नांदेड-४४ ची दुसरी फेरी याच पहिल्या वाटेवर झाली आणि तिची कहाणी मला सगळ्यांत जास्त चटका लावते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दिल्लीचं वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी सरकारी खर्चाने बीटी जनुक तयार केलं आणि ते बिकानेरी नरमात बसवलं. बिकानेरी नरमा म्हणजे नांदेड-४४ ची मादी. एकदा मादीत जनुक बसलं की नांदेड-४४ बीटी तयार करणं सोपं होतं. बिकानेरी नरमा बीटीला २००८ मध्ये आणि नांदेड-४४ बीटीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. विचार मोठा होता. बिकानेरी नरमा हा सरळ वाण असल्याने शेतकऱ्याला घरची सरकी पुन्हा लावता आली असती, आणि ज्याला संकरितच हवा त्याला ओळखीचा नांदेड-४४ जनुकासह मिळाला असता.

हा प्रयोग एका हंगामात आटोपला. बियाण्यात मोन्सँटोचंच मूळ जनुक आढळलं आणि २००९ च्या शेवटी बीजोत्पादन व विक्री थांबवावी लागली. त्याची चौकशी पुढे सोपोरी समितीने केली. शुद्धतेचा हा दोष शास्त्राइतकाच बाजाराचाही होता, असं माझं मत आहे. ‘हे आपलं, सरकारी, कुणाचं देणं न लागणारं’ हाच ज्या मालाचा सगळा दावा, त्याच्या पिशवीत प्रतिस्पर्ध्याचंच जनुक निघालं तर दाव्यातलं काहीच उरत नाही. आव्हान देणाऱ्याला मोठ्यापेक्षा जास्त काटेकोर राहावं लागतं, आणि तेही नेमक्या त्या एका बाबतीत, जिच्या जोरावर तो उभा आहे. शिवाय दोष निघाला नसता तरी अडचण होतीच. २००९ साली नांदेड-४४ बीटी एका जनुकाचा होता आणि शेजारच्या रानात दोन जनुकांची पऱ्हाटी उभी राहू लागली होती.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचं काय झालं ते पाहा. महिकोच्या पहिल्या तीन बीटी वाणांवर आंध्रातून तक्रारी आल्या. मे २००५ मध्ये मान्यता समितीने त्या तिन्हींना आंध्रात पुढे परवानगी दिली नाही. जनुक तेच होतं, अळीही मरत होती, पण झाड तिथल्या रानाला मानवत नव्हतं. तमिळनाडूच्या रासी सीड्सने नेमकी हीच फट आधीच हेरली होती. त्यांनी जनुक परवान्याने घेऊन आपल्या ‘आरसीएच-२’ या वाणात बसवलं आणि २००४ मध्ये तो बाजारात आणला. त्यामागून नागपूरची अंकुर, औरंगाबादची अजित सीड्स, हैदराबादकडच्या नुजिवीडू आणि कावेरी या कंपन्या आल्या. मराठवाड्यात अजित-१५५ च्या बॅगेची नावानिशी मागणी होऊ लागली. बॅगेवर बोलगार्डची खूण असायची, पण शेतकरी दुकानात जाऊन बोलगार्ड मागत नव्हता. तो वाणाचं नाव सांगत होता.

मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट एवढीच: धन्याची ताकद जिथे आहे तिथे भिडून भागत नाही, ग्राहक प्रत्यक्षात ज्यावरून निवड करतो त्या जागी भिडावं लागतं. अळी मारणं ही २००६ नंतर सगळ्या बॅगांत सारखीच असलेली गोष्ट झाली होती. निवड दुसऱ्याच गोष्टींवर होत होती, आणि त्या गोष्टी किनवटला एक असतात, अर्धापूरला दुसऱ्या.

किनवट-माहूरच्या डोंगराळ, मुरमाड रानात पाऊस सप्टेंबरात ओढ देतो. तिथे उशिरा येणारा, मोठा घेर धरणारा वाण कैऱ्या भरायच्या आत वाळतो. अर्धापूर-मुदखेडकडे पाण्याची सोय असलेल्या काळ्या रानात लवकर येणारा वाण म्हणजे उतारा सोडून देणं. मग येते वेचणी. वेचणी बायका किलोच्या मजुरीवर करतात. टपोरं, नीट उमललेलं, बोटांना सहज सुटणारं बोंड असेल तर दिवसाला जास्त किलो होतात, आणि मजूर कमी असलेल्या गावात त्या आधी त्याच रानात येतात. दोन वाणांचा उतारा सारखा असला तरी ‘याचं वेचायला सोपं जातं’ एवढ्यावरून पुढच्या वर्षीची बॅग ठरलेली मी पाहिली आहे. हे कुठल्याही जाहिरातीत पहिल्या ओळीत नसतं. वेचणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय ते कळतही नाही.

मोठ्या कंपनीला हे ठाऊक नसतं असं नाही. पण तिला एकच वाण पाच राज्यांत विकायचा असतो. बीजोत्पादन वर्षभर आधी ठरवावं लागतं, त्यामुळे थोडे वाण आणि मोठं उत्पादन हेच तिला परवडतं. किनवटसाठी वेगळा वाण काढणं तिच्या हिशेबात बसत नाही. छोट्याची जागा तिथे आहे.

धन्याचा आणखी एक दुबळा क्षण असतो, तो म्हणजे टंचाईचा. एखादा वाण चालला की जूनमध्ये त्याच्या बॅगा मिळत नाहीत, दुकानांपुढे रांगा लागतात, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले जातात आणि त्या बॅगेबरोबर न खपणारी खतं, औषधं गळ्यात मारली जातात. मोंढ्यात याला ‘लिंकिंग’ म्हणतात. ऑगस्ट २०१२ मध्ये अशाच टंचाईच्या आणि पुरवठ्याच्या वादातून महाराष्ट्र सरकारने महिकोचा बीटी बियाणे विक्रीचा परवाना रद्द केला होता. नव्या कंपनीला ही दारं उघडी सापडतात. मात्र ती उघडी असतात दहा-पंधरा दिवस, पाऊस पडल्यापासून टोबणी संपेपर्यंत. तेवढ्या दिवसांत माल तालुक्याच्या दुकानात हजर असला पाहिजे आणि त्याचं नाव शेतकऱ्याने आधी ऐकलेलं असलं पाहिजे. रांगेतून रिकाम्या हाताने परतलेला माणूस दुसऱ्या नंबरच्या ओळखीच्या नावाकडे वळतो, अनोळखी नावाकडे नाही.

ते नाव ओळखीचं व्हायचा मार्ग एकच, शेजारचं रान. प्रात्यक्षिकाचे प्लॉट सगळेच करतात आणि बहुतेक चुकीचे करतात. कंपनीचा माणूस गावातल्या बड्या बागायतदाराला गाठतो, त्याला बॅग फुकट देतो, तो ठिबकवर, काळ्या रानात, खतं घालून पीक घेतो, ऑक्टोबरात मंडप घालून शिवारफेरी होते आणि लोक जेवून परत जातात. घरी जाताना ते म्हणतात, ‘त्याच्या रानात काय लावलं तरी येतं.’ अशा प्लॉटने विश्वास वाढत नाही. उलट, हा वाण आपल्यासाठी नाही, असंच लोकांना वाटतं.

उपयोगी प्लॉट ओळखायचा तो असा. रान गावातल्या सरासरी शेतकऱ्याचं असतं. अर्ध्या एकरात नवा वाण आणि त्याला लागून अर्ध्या एकरात तोच शेतकरी दरवर्षी लावतो तो वाण. दोन्ही एकाच दिवशी टोबलेले, खत सारखंच, फवारणीही बरोबरच. बी विकत घेतलेलं, कमी किमतीत का होईना, कारण फुकटच्या बियाण्याची निगा कुणी राखत नाही. वेचणीच्या प्रत्येक फेरीला दोन्हीकडचा कापूस वेगळा तोलायचा आणि आकडे पाटीवर लिहायचे, नवा वाण मागे पडला तरी. ही शेवटची अट कंपन्यांना जड जाते. पण दोन तालुक्यांतले तीस प्लॉट असे केले आणि त्यातल्या दहांत आपला वाण हरला, तर कुठल्या जमिनीत विकायचा नाही ते कळतं. पहिल्या वर्षी चुकीच्या रानात गेलेली बॅग पुढची पाच वर्षं नाव खराब करते, त्यामुळे ही माहिती विक्रीइतकीच मोलाची असते.

लातूरला यायचं तर गणित उलटं होतं, म्हणून ते थोडक्यात सांगतो. लातूर सोयाबीनचा बाजार. तिथे जबलपूरचा ‘जेएस-३३५’ हा वाण वर्षानुवर्षं पक्का बसलेला होता. सोयाबीन सरळ वाणाचं असल्यामुळे शेतकरी घरचंच बी ठेवतो. तिथला धनी म्हणजे कुणी कंपनी नव्हेच, शेतकऱ्याच्या घरातली कणगी हाच धनी. नव्या वाणाची ३० किलोची बॅग एकदा विकली की तिच्यातून निघालेलं बी पुढच्या वर्षी पाहुण्यारावळ्यांत वाटलं जातं. परभणीचा ‘एमएयूएस-७१’ किंवा राहुरीचा ‘फुले संगम’ पसरले ते असेच, हातोहात. वाण जिंकतो, पण विकणाऱ्याच्या हाती पहिल्या वर्षाचाच पैसा येतो. तिथे बॅगेवरचं नाव रुजवण्यापेक्षा दरवर्षी चांगल्या उगवणशक्तीचं, पावसात न भिजलेलं बियाणं पुरवण्याची हमी विकणं परवडतं. काढणीच्या वेळी पाऊस झाला की घरच्या बियाण्याची उगवण घटते, आणि त्याच वर्षी शेतकरी दुकानात येतो.

कापसात मात्र २०१७ नंतर पुन्हा पट बदलला. त्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ च्या पऱ्हाटीतही थैमान घातलं. दोन जनुकांना अळी सरावली होती. कृषी विद्यापीठांनी सांगितलं की फरदड घेऊ नका, डिसेंबरपर्यंत रान मोकळं करा. त्याबरोबर वाणाच्या निवडीची कसोटी बदलली. दीर्घ मुदतीचा, जास्त वेचण्या देणारा वाण जो मिरवत होता तोच अडचणीत आला आणि १४०-१५० दिवसांत आटोपणाऱ्या वाणांना अचानक भाव आला. धनी इथे बांधलेला असतो, कारण त्याचे खपणारे वाण जुन्या कसोटीवर निवडलेले असतात. पुढे २०२० मध्ये केंद्र सरकारने बॅगेतली जनुकाची रक्कमच शून्यावर आणली. आता बोलगार्ड-२ वापरायला त्या भागीदारीला बॅगेमागे काही द्यावं लागत नाही, आणि सगळ्यांच्या बॅगेची कमाल किंमतही सरकारच ठरवतं. जनुक कुणाचंच शस्त्र उरलं नाही, किंमतही नाही. उरला तो वाण.

नांदेड-४४ तिसऱ्यांदा आला तो या काळात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने त्यात बोलगार्ड-२ ची दोन्ही जनुकं घेतली आणि महाबीजमार्फत तो विक्रीला आणला, बोलगार्ड देशात येऊन दीड दशक उलटल्यावर. या वेळी बिनचूक जनुक आहे आणि किंमत इतरांएवढीच. मधल्या वर्षांत कारभारी झालेल्या पोरांनी तो कधी लावलेला नाही, त्यांच्या बापांनी लावलेला आहे. जुन्या नावाचा आधार फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांपुरता आहे. बाकी सगळ्यांना तो नवाच माल आहे, आणि त्याला इतर नव्या मालासारखंच किनवटच्या मुरमाड रानात, शेजारच्या वाणाला लागून, अर्ध्या एकरात उभं राहून दाखवावं लागेल. रसशोषक किडींना दाद न देण्याचा आणि पावसाची ओढ सोसण्याचा त्याचा मूळ गुण तिथेच उपयोगी पडतो. महाबीजने राज्यभर थोड्या थोड्या बॅगा वाटण्यापेक्षा किनवट, माहूर आणि हिमायतनगर या तीन तालुक्यांत, सलग दोन हंगाम, प्रत्येक मोठ्या गावात एक जोडप्लॉट करून वेचणीचे आकडे दुकानाच्या दारावर लावले, तर त्याला खरी संधी आहे, असं मला मनापासून वाटतं.